जांगडाचे साठ टक्के

विकला गेला तर पैसे, नाही गेला तर परत, या बोलीवर दुसऱ्याच्या दुकानात ठेवलेला माल म्हणजे जांगड माल. हस्तकलेच्या दुकानांत हल्ली त्याला कन्साइनमेंट म्हणतात. व्यवहार तोच असतो. विक्री होईपर्यंत माल कारागिराच्या मालकीचा असतो आणि दुकानदार ठरलेलं कमिशन कापून उरलेली रक्कम त्याला देतो. कमिशन बहुतेक ठिकाणी विक्री किमतीच्या 30 ते 50 टक्क्यांच्या दरम्यान असतं. या पद्धतीच्या बाजूने एक युक्तिवाद नेहमी केला जातो. दुकानदाराने रोख खरेदी केली तर कारागिराला छापील किमतीच्या निम्मेच पैसे मिळतात, जांगडावर साठ टक्के मिळतात, तेव्हा जांगड कारागिराच्याच हिताचं. ऐकायला हे सरळ वाटतं, पण हिशेबाला टिकत नाही. साठ टक्के मिळतात ते विकल्या गेलेल्या नगांवर. न विकलेल्या नगांचं काय होतं याबद्दल हा युक्तिवाद गप्प राहतो, आणि व्यवहारातला सगळा धोका त्या नगांतच असतो.

जांगड ही काही हस्तकलेच्या दुकानांनी काढलेली युक्ती नव्हे. मुंबईत हिऱ्यांचे व्यापारी एकमेकांना जांगड चिठ्ठीवर माल देत आले आहेत. तिथे मुदत थोड्या दिवसांची असते, चिठ्ठीवर नगांचं वजन आणि भाव लिहिलेला असतो आणि गिऱ्हाइकाला पसंत पडला नाही तर हिरा जसाच्या तसा परत येतो. हिरा उन्हात विटत नाही आणि फडताळात ठेवला म्हणून त्याला कीड लागत नाही. हस्तकलेच्या दुकानांनी या रिवाजातली मोकळीक तेवढी उचलली, मुदत आणि चिठ्ठी मात्र मागेच ठेवली.

सावंतवाडीच्या चितारआळीतली लाकडी फळं हे हिशेबासाठी चांगलं उदाहरण आहे. हलक्या लाकडाचे आंबे, केळी, सीताफळं कातून, घासून, रंगवून त्यांचे संच केले जातात. खालचे आकडे नमुन्याचे आहेत, पण व्यवहाराचा आकार असाच असतो. समजा एका संचाची छापील किंमत 800 रुपये आहे. लाकूड, रंग आणि हाताखालच्या माणसांची मजुरी धरून कारागिराला एका संचाला 300 रुपये खर्च येतो. त्याची स्वतःची मेहनत यात धरलेली नाही. पुण्यातलं एक दुकान मार्चअखेर 100 संच जांगडावर मागवतं. वाटणी 60:40, म्हणजे विकलेल्या प्रत्येक संचामागे कारागिराला 480 आणि दुकानाला 320.

सप्टेंबरअखेर हिशेब होतो. 62 संच विकले गेले. 18 चांगल्या अवस्थेत परत आले. 12 परत आले, पण विक्रीच्या लायकीचे राहिले नाहीत. उरलेले 8 कुठे गेले याचं उत्तर कुणाकडेच नाही. त्या 12 संचांचं खोकं उघडून पाहिलं की सहा महिन्यांत काय झालं ते हातात येतं. काचेच्या बाजूला मांडलेल्या आंब्यांचा तांबूस गाल एका अंगाने फिका पडलेला असतो, दुसरं अंग अजून ताजं. किमतीचं लेबल ओढून काढलेल्या जागी रंगाचा कपचा निघून खालचं पांढरं लाकूड दिसतं. एखाद्या केळ्याच्या देठाशी टाचणीएवढं भोक असतं आणि खोक्याच्या तळाला पिठासारखा भुसा. पावसाळ्यात लाकडाला कीड लागली, तरी दुकानात कुणी नग हलवून पाहिला नाही, याची ती खूण.

कारागिराच्या हाती किती आलं? 62 संचांचे 29,760 रुपये. परत आलेले 18 चांगले संच त्याने दुसऱ्या व्यापाऱ्याला 400 रुपयांनी विकले, त्याचे 7,200. परतीच्या पार्सलचे 1,200 त्याने भरले. एकूण 35,760. यातून 100 संचांचा 30,000 खर्च वजा केला की उरतात 5,760 रुपये. शंभर संचांमागची त्याची स्वतःची मेहनत, सहा महिन्यांची वाट आणि मध्ये निघून गेलेला मे महिना व गणपती, या सगळ्यांचा मोबदला एवढाच. मे आणि गणपती यांचं महत्त्व कोकणाबाहेरच्या माणसाला चटकन उमगत नाही. पर्यटक आणि घरी आलेले चाकरमानी चितारआळीत खरेदीला येतात ते याच दोन हंगामांत, आणि नेमके तेव्हा हे संच पुण्यात फिके पडत होते.

तेच 100 संच दुकानाने निम्म्या किमतीला, म्हणजे 400 रुपयांनी, रोख घेतले असते तर कारागिराला 40,000 मिळाले असते आणि तेही मार्चमध्येच. साठ टक्क्यांपेक्षा पन्नास टक्के जास्त ठरतात ते असे. जांगड रोखीच्या बरोबरीला यायची तर किती संच विकले जायला हवेत, हे काढणं सोपं आहे. परत आलेल्या मालाचं मोल शून्य धरलं तर शंभरातले 84 संच विकले जायला हवेत. परत आलेल्या प्रत्येक संचाचे सरासरी 200 रुपये सुटले, तरी 72 विकले जायला हवेत. लाकडी फळं आठवड्याच्या भाजीसारखी खपत नाहीत. शंभर नगांतले चौऱ्याऐंशी सहा महिन्यांत काढणारं दुकान असेल, तर त्याला जांगडावर माल घेण्याची गरजच काय, हा प्रश्न उरतो.

यावर दुकानदाराचं उत्तर तयार असतं, आणि त्यात तथ्य आहे. तो म्हणेल, रोखीने 100 संच कोण घेणार? 40 घेतले असते. अगदी बरोबर. म्हणून तोही हिशेब करून पाहू. दुकानाने रोखीने 40 संच घेतले, ते खपत आले तेव्हा आणखी 20 मागवले. गिऱ्हाईक तेवढंच असल्याने 60 संच विकले गेले. कारागिराला 60 गुणिले 400, म्हणजे 24,000 मिळाले. 60 संचांचा खर्च 18,000. हाती उरले 6,000. शंभर संच कातून, रंगवून जांगडावर 5,760 आणि साठ संच करून रोखीने 6,000. जांगडाने कारागिराला मोठी ऑर्डर मिळाली ती खरी, पण त्या ऑर्डरीतले शेवटचे चाळीस संच त्याने दुकानाचं फडताळ भरलेलं दिसावं म्हणून फुकट केले. मागणीचा अंदाज चुकला की त्याची किंमत अंदाज बांधणाऱ्याने मोजायची, हा व्यापारातला साधा नियम. जांगडात अंदाज दुकानदाराचा आणि दंड कारागिराचा, म्हणून अंदाज बांधण्याची तसदीच कुणी घेत नाही. खिशातून काही जात नसलं की ऑर्डर फुगते.

दुकानदाराचा फायदा तरी होतो का? इथे एक चमत्कारिक गोष्ट दिसते. जांगडात 62 संचांवर 320 प्रमाणे त्याला 19,840 रुपये मिळाले. शंभर संच रोख घेतले असते तर 62 संचांचे 49,600 आले असते, खरेदीचे 40,000 गेले असते, उरले असते 9,600. पण स्वतःचा पैसा अडकलेला असल्याने त्याने पावसाळ्यात उरलेल्या मालाचा सेल लावला असता. 18 चांगले संच निम्म्या किमतीला 7,200 रुपयांत आणि विटलेले 12 संच 200 रुपयांप्रमाणे 2,400 रुपयांत काढले असते. एकूण 19,200. म्हणजे दुकानाची कमाई दोन्हीकडे जवळपास सारखीच. कारागीर आणि दुकान यांची बेरीज केली तर रोखीत 59,200 आणि जांगडात 55,600 होतात. मधले 3,600 रुपये कुणाच्याच खिशात गेले नाहीत. त्यातले 2,400 म्हणजे कुणीच विकायचा प्रयत्न न केलेले विटके संच आणि 1,200 म्हणजे परतीचं भाडं. ज्याचा पैसा अडकतो तो माल उन्हातून हलवतो, पुसतो, खपत नसेल तर भाव उतरवतो. जांगडात ज्याचा पैसा अडकलेला असतो तो सावंतवाडीत बसलेला असतो, आणि ज्याच्या हाताशी माल असतो त्याला हातपाय हलवायचं कारण नसतं. अर्थात शंभर संच रोख घेणाऱ्या दुकानाचे चाळीस हजार गुंततात आणि ती रक्कम प्रत्येकाकडे नसते, हे मान्य करायला हवं. पण तसं असेल तर जांगडाला कारागिराची सेवा म्हणू नये. ते दुकानाला मिळालेलं बिनव्याजी भांडवल आहे.

दुसरी बाजू चुकते ती निराळ्या ठिकाणी. कारागिरांची कड घेणारे म्हणतात, चाळीस टक्के कमिशन ही लूट आहे, वाटणी 70:30 करा. कमिशन म्हणजे लूट नव्हे. त्यातून जागेचं भाडं, वीज, विक्रेत्याचा पगार, कार्डाचं शुल्क आणि पिशव्या भागतात, आणि गिऱ्हाईक न आलेल्या दिवशीही भाडं थांबत नाही. शिवाय 70:30 ने प्रश्न सुटत नाही. वरच्याच उदाहरणात कारागिराला संचामागे 560 दिले तर 62 संचांचे 34,720 होतात, त्यात परत मालातून निव्वळ आलेले 6,000 मिळवले की 40,720. रोखीच्या निम्म्या किमतीपेक्षा अवघे 720 जास्त, तेही सहा महिने उशिरा. उलट दुकानाचं उत्पन्न 19,840 वरून 14,880 वर येतं. भाडं तेवढंच राहिल्यावर दुकानदार एकच गोष्ट करू शकतो. त्याच फडताळावर आणखी चार कारागिरांचा माल मांडतो. त्याला तो फुकटच पडतो. मग प्रत्येकाची जागा आकसते आणि प्रत्येकाचे परत येणारे नग वाढतात. टक्केवारीवर भांडून कारागिराने जे मिळवलं ते शिल्लक मालात परत जातं.

टक्केवारी फसवी असण्याचं आणखी एक कारण म्हणजे ती कशावर मोजायची हे अनेकदा ठरलेलंच नसतं. कमिशन ही सेवा आहे आणि तिच्यावर 18 टक्के जीएसटी लागतो. नोंदणीकृत दुकान हा कर कारागिराच्या हिशेबातून कापतं तेव्हा 320 च्या कमिशनवर 57 रुपये 60 पैसे आणखी जातात. वस्तूंच्या व्यापारात वार्षिक उलाढाल 40 लाखांच्या आत असल्याने नोंदणी न केलेल्या कारागिराला या कराचं क्रेडिट घेता येत नाही. त्याच्या हाती 480 ऐवजी 422 रुपये 40 पैसे येतात. रोखीच्या 400 शी तुलना केली तर ज्या ऐंशी रुपयांसाठी त्याने सगळा धोका पत्करला ते साडेबावीसच्या आत आले. दुकानाने दिवाळीत दहा टक्के सूट दिली आणि वाटणी सूट वजा किमतीवर धरली, तर संचामागे आणखी 42 रुपये 24 पैसे कमी. सूट कुणी ठरवली हे अशा वेळी कुणी विचारत नाही.

कायद्याने हा धोका आपोआप वाटला जाईल, अशीही एक समजूत आहे. तसं होत नाही, आणि का होत नाही ते पाहण्यासारखं आहे. मालविक्री अधिनियम, 1930 च्या कलम 24 प्रमाणे ‘पसंतीवर’ किंवा ‘विक्री अथवा परत’ या अटीवर दिलेला माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीपलीकडे, नाकारल्याचं न कळवता ठेवून घेतला, तर तो त्याचा होतो, म्हणजे त्याला पैसे द्यावे लागतात. मुदत ठरलेली नसेल तर वाजवी काळ धरला जातो. कारागिराला हे कलम मोठ्या उपयोगाचं आहे. पण दुकान खरेदीदार नसून कारागिराच्या वतीने विकणारा एजंट आहे, असं कागदावर असेल तर ते लागू होत नाही. मग माल कितीही दिवस पडून राहिला तरी तो कारागिराचाच. चलनावर नुसतं ‘कन्साइनमेंट, नग 100’ एवढंच लिहिलेलं असलं की दोन्ही बाजूंना आपापला अर्थ लावता येतो, आणि असं चलन सर्रास दिसतं.

हरवलेल्या आणि बिघडलेल्या नगांचंही तसंच. भारतीय करार अधिनियम, 1872 च्या कलम 151 नुसार दुसऱ्याचा माल सांभाळणाऱ्याने सामान्य शहाणा माणूस स्वतःच्या मालाची घेईल तेवढी काळजी घ्यायची असते. कलम 152 सांगतं की तेवढी काळजी घेतली असेल आणि वेगळा करार नसेल, तर नुकसानीला तो जबाबदार नाही. काळजी घेतली होती की नाही यावरून पुण्यातल्या दुकानाविरुद्ध सावंतवाडीतल्या माणसाने आठ संचांसाठी कोर्टात भांडत बसायचं, ही कल्पनाच हास्यास्पद आहे. आग लागली तर आणखी वेगळी अडचण. काही अग्निविम्यांत विश्वासाने किंवा कमिशनवर ठेवलेला माल पॉलिसीत स्पष्ट लिहिल्याखेरीज धरला जात नाही. दुकानाचा विमा आहे, हे ऐकून निश्चिंत झालेल्या कारागिराचा माल विम्याबाहेर असू शकतो. पॉलिसीच्या कागदावर ‘कमिशनवर ठेवलेला माल’ असे शब्द आहेत का, हे एकदा डोळ्यांनी पाहणं एवढाच त्यावर उपाय.

सगळ्यात मोठा धोका मात्र न विकलेल्या मालाचा नाहीच. तो विकलेल्या मालाच्या पैशाचा आहे. फडताळावरचा नग कारागिराचा असतो, दुकान बुडालं तरी खुणेचा नग ओळखून परत मागता येतो. विकलेल्या नगाचे पैसे दुकानाच्या खात्यात इतर पैशांत मिसळले की कारागिराजवळ उरते ती निव्वळ उधारी. चणचणीच्या महिन्यात दुकानाचं भाडं आणि पगार याच पैशातून जातात, बहुधा काही वाईट हेतू नसतानाही. याची खूण लवकर दिसू लागते. हिशेब मागितल्याशिवाय येत नाही, आला तर ‘सुमारे 40 गेले असतील’ असा गोल आकड्यात येतो आणि पैसे ‘सध्या एवढे घ्या’ म्हणून हप्त्याने येतात. महिन्याच्या कागदावर सुरुवातीचे नग, नवे आलेले, विकलेले आणि शिल्लक असे चार आकडे मांडून बेरीज जुळत नसेल, तर दुकानाला स्वतःलाच माल कुठे आहे ते माहीत नाही असं समजावं. अशा दुकानात पुढचं खोकं पाठवायचं नाही.

व्यवहार सुधारायचा तर टक्क्यांना हात न लावताही सुधारतो. पहिली खेप छोटी, वीस संचांची, आणि मुदत 90 दिवसांची. मुदत संपली की दुकानाने दोनांपैकी एक करायचं. उरलेले नग निम्म्या किमतीला विकत घ्यायचे, नाहीतर विक्रीयोग्य अवस्थेत स्वतःच्या भाड्याने परत पाठवायचे. जो नग दाखवता येत नाही किंवा दुकानात बिघडला तो विकला गेला असं धरायचं. विकलेल्याचे पैसे पुढच्या महिन्याच्या दहा तारखेच्या आत. सूट द्यायची तर कारागिराला विचारून, अन्यथा दुकानाच्या हिश्शातून. या अटी वरच्या उदाहरणाला लावून पाहिल्या तर 12 विटके आणि 8 हरवलेले संच दुकानाच्या अंगावर येतात. त्यांचेही 480 प्रमाणे 9,600 रुपये कारागिराला मिळतात, परतीचे 1,200 वाचतात आणि त्याची कमाई 5,760 वरून 16,560 वर जाते. प्रत्यक्षात एवढी जाणार नाही, कारण या अटींवर दुकान शंभर संच मागवणारच नाही, आणि मागवलेले उन्हात ठेवणार नाही. तेच तर हवं आहे.

या अटी घातल्या तर दुकानं नवा माल ठेवणंच बंद करतील, ही भीती शेवटी उरते. ती वीस संचांच्या खेपेबाबत खरी नाही, पण काही वस्तूंबाबत खरी आहे. सावंतवाडीचाच दशावतारी गंजिफा घ्या. हाताने रंगवलेली 120 पानं, रंगवलेली पेटी. असा संच महाग असतो, गिऱ्हाईक वर्षातून कधीतरी येतं आणि ते कधी येईल हे कारागीर किंवा दुकानदार कुणालाच सांगता येत नाही. तिथे दुकानदाराने रोख खरेदी करावी ही अपेक्षा अवास्तव आहे. एक किंवा दोन संच, बंद काचेच्या कपाटात, उन्हापासून दूर, विम्यात नावानिशी नोंदवलेले, आणि नव्वद दिवसांऐवजी वर्षाची मुदत, अशा रीतीने त्या वस्तूला जांगड शोभते. वर्ष संपण्याआधी कारागिराला दुसरं गिऱ्हाईक मिळालं तर आठ दिवसांच्या नोटिशीवर संच परत मागण्याचा हक्क मात्र चिठ्ठीवर लिहिलेला असावा.